स्वस्त कर्जाबद्दलचं माझं मत

कर्ज मालकाच्या पैशापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून बेतानं कर्ज घेतलेली कंपनी बिनकर्जाच्या कंपनीपेक्षा जास्त किमतीची असते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. तसंच शिकवलं आणि कंपन्यांच्या मूल्यांकनाचे अहवालही त्याच समजुतीनं लिहिले. आज माझं मत तसं नाही. ते का बदललं ते इथे सविस्तर सांगतो, कारण ज्या मुद्द्यावर ते बदललं तो पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकला जातो आणि माझ्या मते सगळा विषय त्या दोन ओळींतच आहे.

एक अट आधीच घालून घेतो. इथे मी कर नाहीत असं धरून बोलतोय. व्याजाची वजावट मिळून प्राप्तिकर वाचतो तो फायदा खरा आहे, पण तो सरकारनं दिलेला असतो आणि त्याचा हिशेब वेगळा करता येतो. मला पडलेला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. कर नसतील तर नुसतं कर्ज घेतल्यानं कंपनीची किंमत वाढते का?

माझं जुनं मत आजही अनेक जाणत्या लोकांचं आहे, म्हणून ते नीट मांडायला हवं. बँक आठ टक्क्यांनी पैसे देते आणि भागधारक बारा टक्क्यांची अपेक्षा ठेवतो. दोन्ही मिसळले तर सरासरी दहाच्या आसपास येते. धंदा तोच, नफा तोच आणि भांडवल मात्र स्वस्त, म्हणजे कंपनीची किंमत वाढायलाच हवी. कर्ज फार झालं की भागधारक धास्तावतात आणि जास्त परतावा मागतात, हे मी मान्य करत होतो. पण माझ्या समजुतीप्रमाणे ही धास्ती व्याज थकण्याची, कंपनी बुडण्याची होती. जोवर वाईट वर्षातही व्याज आरामात भागतंय तोवर भागधारकानं बाराच्या वर काही मागायचं कारणच काय? म्हणून बुडण्याची भीती सुरू होण्याआधीचा टप्पा मी निव्वळ फायद्याचा मानत होतो, आणि त्या टप्प्याच्या टोकाशी कर्जाचं योग्य प्रमाण सापडतं असं सांगत होतो.

याच्या नेमकं विरुद्ध मत फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली मांडलं. दोघे तेव्हा पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवत होते, आणि त्यांचा लेख अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये आला. त्यांचं पहिलं विधान असं की कर नसतील आणि बाजार खुला असेल, तर कंपनीची एकूण किंमत तिच्या धंद्याच्या कमाईवर आणि त्या कमाईतल्या जोखमीवर ठरते. भांडवलात कर्ज किती याचा तिच्याशी संबंध नसतो. दुसरं विधान पहिल्यातूनच निघतं. कर्ज वाढेल तसा भागधारकाला हवा असलेला परतावा वाढत जातो, आणि बरोबर इतका वाढतो की स्वस्त कर्जाचा सगळा फायदा त्यात खर्ची पडतो. मी दोन्ही विधानं विद्यार्थ्यांना सांगत असे आणि लगेच पुढे जोडत असे की हे आदर्श जगातलं आहे, व्यवहारात चालत नाही. पहिल्या विधानाबद्दल असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्याचा गाभा मात्र मला तेव्हा दिसलाच नव्हता.

तो दिसला एका साध्या कोष्टकात. आकडे पुढे पुन्हा लागतील, म्हणून ते सावकाश मांडतो.

एक कारखाना घ्या. त्याचा वर्षाचा नफा, व्याज द्यायच्या आधीचा, वाईट वर्षी ६० लाख, साधारण वर्षी १ कोटी २० लाख आणि चांगल्या वर्षी १ कोटी ८० लाख. तिन्ही प्रकारची वर्षं सारख्याच शक्यतेची आहेत आणि हे असंच कायम चालणार आहे. सरासरी नफा १ कोटी २० लाख. अशा धंद्याकडून लोक बारा टक्के मागतात, म्हणून बिनकर्जाच्या कारखान्याची किंमत १० कोटी. त्याचे १० लाख समभाग आहेत, प्रत्येकी १०० रुपयांचे. समभागामागे कमाई वाईट वर्षी ६ रुपये, साधारण वर्षी १२, चांगल्या वर्षी १८.

आता हुबेहूब असाच दुसरा कारखाना, पण त्यानं ५ कोटींचं कर्ज आठ टक्क्यांनी घेतलंय आणि त्याचे समभाग ५ लाखच आहेत. व्याज दरसाल ४० लाख. ते वजा केल्यावर भागधारकांना उरतात वाईट वर्षी २० लाख, साधारण वर्षी ८० लाख, चांगल्या वर्षी १ कोटी ४० लाख. समभागामागे ४, १६ आणि २८ रुपये.

सरासरी १२ वरून १६ झाली, आणि माझी नजर कायम तिथेच थांबायची. संचालक मंडळाच्या बैठकीत, गुंतवणूकदारांपुढच्या सादरीकरणात हाच आकडा पुढे केला जातो: समभागामागची कमाई एक तृतीयांशानं वाढली. पण बाजूचे दोन आकडे पाहा. पहिल्या कारखान्यात कमाई सरासरीच्या वरखाली ६ रुपयांनी हलते, दुसऱ्यात १२ रुपयांनी. हेलकावा बरोबर दुप्पट झाला. आणि दुसऱ्या कारखान्यात बुडण्याची भीती कुठेच नाही. अगदी वाईट वर्षी नफा ६० लाख आहे आणि व्याज ४० लाख, म्हणजे बँकेचा पैसा पूर्ण सुरक्षित आहे.

माझं मत इथे मोडलं. भागधारकाची जोखीम बुडण्याच्या भीतीतून येते आणि म्हणून ती कर्जाच्या शेवटच्या टप्प्यात सुरू होते, असं मी समजत होतो. हे कोष्टक सांगत होतं की ती कर्जाच्या पहिल्या रुपयापासून सुरू होते आणि तिला दिवाळखोरीची गरजच नाही. कारण सरळ आहे. धंद्यातली अनिश्चितता आहे तेवढीच राहिली. बँकेनं तिच्यातला काहीच भाग उचलला नाही, तिनं ठरलेले ४० लाख घ्यायचं तेवढं कबूल केलं. म्हणजे जी अनिश्चितता आधी १० कोटींच्या भागभांडवलावर पसरली होती, ती आता ५ कोटींवर येऊन पडली. कर्ज जितकं जास्त सुरक्षित, तितकी भागधारकाच्या वाट्याची जोखीम जास्त गच्च. मी सुरक्षित कर्जाला निरुपद्रवी समजत होतो. भागधारकाच्या अंगानं पाहिलं तर धोका त्याच्यावर पुरता ढकलणारं कर्ज हेच आहे.

मोदिल्यानी आणि मिलर यांनी त्याच लेखात दुधाचं उदाहरण दिलंय. वरचं लोणी काढून वेगळं विकलं तर त्याचा भाव दुधापेक्षा चढा येतो, पण खाली उरलेलं पातळ दूध तितकंच स्वस्त जातं, आणि गवळ्याच्या हातात शेवटी सारखेच पैसे पडतात. कारखान्याच्या कमाईतला खात्रीचा भाग काढून बँकेला विकला, की भागधारकाकडे उरतो तो पातळ भाग असतो.

तो किती स्वस्त जायला हवा, हाही प्रश्न अंदाजाचा नाही. बिनकर्जाच्या कारखान्यावर लोक बारा मागतात आणि बँक आठवर समाधानी आहे, म्हणजे धंद्याची जोखीम उचलण्याचा मोबदला चार टक्के. दुसऱ्या कारखान्यात कर्ज आणि भागभांडवल यांचं प्रमाण एकास एक आहे, म्हणून भागधारकाच्या रुपयावर तीच जोखीम आणखी एकदा चढते, आणि बारात चार मिळवून त्याची मागणी सोळा टक्के होते. त्याची सरासरी कमाई आहे ८० लाख. ती सोळा टक्क्यांनी भागली की भागभांडवलाची किंमत ५ कोटी येते. त्यात कर्जाचे ५ कोटी मिळवा, कारखाना पुन्हा १० कोटींचाच. भांडवलाची सरासरी पाहिली तर निम्मं सोळानं आणि निम्मं आठनं, म्हणजे बाराच. समभागामागे १२ चे १६ झाले, पण त्या १६ ला आता बारानं नाही तर सोळानं भागायचं. समभाग १०० रुपयांचा होता, १०० चाच राहिला.

मी हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “पण भागधारक खरंच सोळा मागतील कशावरून? एवढं गणित कोण करतं, राव?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर १९५८ च्या त्या लेखातच आहे, आणि ते भागधारकाच्या शहाणपणावर अवलंबून नाही.

समजा भागधारक सोळा मागत नाहीत. माझ्या जुन्या मताप्रमाणे ते बारावरच खूश आहेत. मग कर्जदार कारखान्याच्या भागभांडवलाची किंमत ८० लाख भागिले बारा टक्के, म्हणजे ६ कोटी ६७ लाख होईल, समभाग १३३ रुपयांवर जाईल, आणि कर्ज धरून कारखाना ११ कोटी ६७ लाखांचा दिसेल. अशा वेळी ज्याच्याकडे त्याचे एक टक्का समभाग आहेत, त्यानं काय करावं? त्याचे समभाग ६ लाख ६७ हजारांचे आहेत आणि त्याला वर्षाला २० हजार, ८० हजार किंवा १ लाख ४० हजार मिळतात. त्यानं ते विकावेत. स्वतःच्या नावावर आठ टक्क्यांनी ५ लाख उचलावेत आणि बिनकर्जाच्या कारखान्याचे एक टक्का समभाग १० लाखांना घ्यावेत. त्या समभागांवर त्याला ६० हजार, १ लाख २० हजार किंवा १ लाख ८० हजार मिळतील. त्यातून व्याजाचे ४० हजार वजा केले की उरतात २० हजार, ८० हजार, १ लाख ४० हजार. वर्ष कोणतंही येवो, आधी मिळत होते नेमके तेवढेच. खिशातून घालावे लागले फक्त ५ लाख, आणि हातात मोकळे राहिले १ लाख ६७ हजार.

हे एकाला जमलं तर दुसऱ्यालाही जमेल. जो तो कर्जदार कारखान्याचे समभाग विकेल आणि दुसऱ्याचे घेईल, आणि दोन्ही कारखान्यांची एकूण किंमत सारखी होईपर्यंत हे थांबणार नाही. भागधारकानं सोळा टक्के मनात मोजून मागायची गरज नाही. कंपनीनं घेतलेलं कर्ज जर भागधारक स्वतःही घेऊ शकत असेल, तर त्या कर्जासाठी तो कंपनीला जास्तीचे पैसे देणार नाही, एवढंच या युक्तिवादाला लागतं. आणि कंपनीनं घेतलेलं कर्ज त्याला नको असेल तर तो तिचे रोखेही विकत घेऊन ते स्वतःपुरतं फेडून टाकू शकतो.

यातली कच्ची बाजू मला ठाऊक आहे, आणि ती मी लपवणार नाही. व्यक्तीला कंपनीच्या दरानं कर्ज मिळत नाही. शिवाय कंपनी बुडाली तर भागधारकाची जबाबदारी त्याच्या समभागांपुरती असते, आणि स्वतःच्या नावावरचं कर्ज मात्र त्याच्या घरापर्यंत येऊ शकतं. डेव्हिड ड्युरँड यांनी १९५९ सालीच अशा हरकती घेतल्या होत्या. पण या हरकतींनी सिद्ध होतं ते एवढंच की दोन किमतींत थोडी फट राहू शकते. भागधारकाची जोखीम वाढतच नाही, असं त्यांतून निघत नाही. हेलकावा दुप्पट झाला तो गणितानं झाला, त्याला खुला बाजार लागला नाही. म्हणून पहिल्या विधानावर वाद घालणाऱ्यालाही दुसऱ्याची दखल घ्यावी लागते. माझ्या मते या दोन विधानांतलं जास्त टिकाऊ तेच आहे.

कर्ज आणखी वाढून खरोखर धोक्यात आलं तर काय होतं, तेही मी त्याच कारखान्यावर तपासून पाहिलं, कारण माझ्या जुन्या मताचा शेवटचा आसरा तिथे होता. कर्ज ८ कोटी धरा आणि भागभांडवल २ कोटी. आता वाईट वर्षीच्या ६० लाखांत पुरतं व्याज भागत नाही. त्या वर्षी जे असेल तेच बँकेनं घ्यायचं, बाकी सोडून द्यायचं, असं धरू. बँक आता धंद्याच्या जोखमीत वाटेकरी झाली, म्हणून समजा ती सरासरी नऊ टक्के सुटतील असं पाहते, म्हणजे वर्षाला ७२ लाख. वाईट वर्षी ६० लाखच मिळणार असल्यानं बाकीच्या वर्षांत तिला ७८ लाख घ्यावे लागतील, म्हणजे करारात दर लिहिला जाईल पावणेदहा टक्के. भागधारकांना उरतात शून्य, ४२ लाख आणि १ कोटी २ लाख, सरासरी ४८ लाख. २ कोटींवर हे चोवीस टक्के होतात. आठ दशांश भांडवल नऊनं आणि दोन दशांश चोवीसनं, सरासरी पुन्हा बारा. बँकेनं जोखमीचा थोडा वाटा उचलला तेवढी भागधारकाची मागणी कमी वेगानं चढली, इतकाच फरक. कर्ज सुरक्षितच राहिलं असतं तर ती अठ्ठावीसवर गेली असती.

या उदाहरणात एक खाचखळगा आहे आणि त्यात चांगले चांगले हिशेबनीस अडखळतात. सरासरी काढताना कर्जाचा खर्च म्हणून करारातला पावणेदहा धरला तर उत्तर १२.६ येतं, आणि जास्त कर्जानं भांडवल महाग होतं असा निष्कर्ष निघतो. पण पावणेदहा हे बँकेचं कबूल झालेलं व्याज आहे, तिच्या हातात सरासरी पडतात नऊच. कर्ज धोक्याचं असेल तेव्हा हे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात.

याहून जास्त वेळा होणारी चूक उलट दिशेची आहे. कुणी मूल्यांकनाची एक्सेल फाइल पाठवली की मी आता सर्वांत आधी एकच रांग पाहतो: कर्जाचं प्रमाण बदललं की भागभांडवलाचा खर्च बदलतो का? कर्जाचा आकडा तीस टक्क्यांचा साठ केला आणि भागधारकाची मागणी जिथल्या तिथे राहिली, तर त्या फाइलीत किंमत वाढणारच, आणि ती वाढ धंद्यातून आलेली नसते, एका न हललेल्या आकड्यातून आलेली असते. हाच प्रकार शेअर बाजारातल्या कंपनीचा बीटा उसना घेताना होतो. ज्या कंपनीचा बीटा घेतला तिच्यावर कर्ज किती होतं हे न पाहता तो दुसऱ्या कर्जाच्या कंपनीला लावला जातो. आधी तिच्या कर्जाचा परिणाम काढून धंद्याचा बीटा वेगळा करायचा आणि मग आपल्या कंपनीच्या कर्जाप्रमाणे तो पुन्हा चढवायचा असतो. रॉबर्ट हमाडा यांनी १९७२ साली हा संबंध मांडला, आणि त्याच्या मुळाशी हे दुसरं विधानच आहे.

मग कर्जानं किंमत कधीच बदलत नाही असं माझं म्हणणं आहे का? नाही. बदलली तर ती कुठून बदलली याचं नाव घेता आलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. जास्त कर्जामुळे चांगला प्रकल्प हातचा जाऊ शकतो, कारण त्याचा फायदा आधी बँकेला मिळणार असतो आणि मालकाला त्यात नवे पैसे घालावेसे वाटत नाहीत. स्ट्यूअर्ट मायर्स यांनी १९७७ साली हे दाखवलं. तिथे कारखान्याची कमाईच बदलते, म्हणून किंमत बदलते.

आणि काही वेळा कर्जासोबत देणगी येते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना हे चांगलं परिचयाचं आहे. इथेनॉलची क्षमता वाढवण्यासाठी केंद्रानं २०१८ साली जी योजना आणली, तीत बँकेच्या कर्जावर सहा टक्के किंवा व्याजदराच्या निम्मं, यांतलं जे कमी असेल तेवढं व्याज पाच वर्षं सरकार सोसणार होतं. माझ्या वरच्या कारखान्याला ५ कोटींच्या कर्जावर अशी सवलत मिळाली, तर आठाच्या निम्मे म्हणजे चार टक्के, वर्षाला २० लाख वाचतील. पाच वर्षांच्या त्या रकमेचं आजचं मूल्य आठ टक्क्यांनी साधारण ८० लाख होतं. कारखाना आता १० कोटी ८० लाखांचा झाला, आणि हे मला पूर्ण मान्य आहे. पूर्वी मी हे ८० लाख ‘स्वस्त कर्जाचा लाभ’ म्हणून सरासरी खर्चात विरघळवून टाकले असते. आता कारखाना १० कोटी एका ओळीत लिहितो, अनुदान ८० लाख खालच्या ओळीत, आणि भागधारकाची मागणी सोळाच ठेवून पुढे जातो.